ठिपके गिरवताना सुबक, रिकाम्या चौकटीत मोडलेला ‘क’: सराव-पानांच्या क्रमातील दोष आणि त्याची दुरुस्ती

समस्या अशी आहे. मूल पहिलीत आहे. वर्णमालेचे सराव-पान समोर ठेवले की ते ठिपक्यांवरून पेन्सिल फिरवत सगळी ओळ सुबक भरते; पण त्याच पानावरच्या शेवटच्या रिकाम्या ओळीत ‘क’ लिहायला सांगितला, की गोल एकीकडे, दंड दुसरीकडे आणि शेपूट तिसरीकडे जाते. घरचे माणूस ते खोडून पुन्हा गिरवायला लावते, त्या दिवसापुरता ‘क’ सुधारतो, आणि आठवडाभराने तोच ‘क’ तसाच मोडून परत येतो. ‘व’ आणि ‘ब’ यांचेही तेच होते, मात्र ‘ग’, ‘न’, ‘प’ बरे असतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग घेतले असल्यामुळे ही तक्रार माझ्या ओळखीची आहे. तरीही तिचे नेमके कारण मला गेल्या पावसाळ्यात, शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत, घरच्याच ओसरीवर बसून कळले. पुतणी पहिलीत गेली होती. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले. तालुक्याच्या बाजारातून तिच्यासाठी ठिपक्यांच्या अक्षरांचे जाड पुस्तक आणले होते आणि ते तिने पंधरा दिवसांत ‘ज्ञ’पर्यंत गिरवून संपवलेही होते. पाटीवर मात्र ‘क’ येत नव्हता. आमची आई म्हणाली, “अजून तिच्या हातात जोर नाई ना बाप्पा.” मलाही आधी तसेच वाटले. पण ज्या हाताला ‘ग’ची खालची वळी नेमकी जमते, त्या हातात जोर नाही असे म्हणता येत नाही. दोष दुसरीकडे असला पाहिजे.

पान पाहू नये, हात पाहावा

निदानाची पहिली पायरी म्हणजे मूल लिहीत असताना त्याच्या उजव्या खांद्याच्या बाजूला बसून पेन्सिलीचे टोक कागदावर पहिल्यांदा कुठे टेकते एवढेच पाहणे. अक्षर कसे दिसते याकडे त्या वेळी लक्ष देऊ नये आणि मध्ये बोलूही नये, कारण टोकले की मूल थांबते आणि पुढचे अक्षर आपल्याला दाखवण्यासाठी वेगळ्या रीतीने काढते. पाच ‘क’ लिहू द्यावेत.

पुतणीचे मी असे पाहिले. तिने आधी डावीकडून उजवीकडे ओळभर लांब शिरोरेषा मारली. मग त्या रेघेला दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे पाच दंड लटकवले. त्यानंतर पहिल्या दंडाच्या डावीकडे, तळापासून सुरू करून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वर चढत एक चेंडू काढला. तो दंडापर्यंत पोचला नाही, म्हणून उरलेली फट एका लहानशा रेघेने सांधली. शेपूट शेवटी, आणि तेही खालून वर. ठिपक्यांच्या पानावरही ती हेच करत होती. फरक एवढाच की तिथे ठिपके तिला सांभाळून घेत होते, त्यामुळे भरलेले पान पाहून कोणालाच काही कळले नसते.

या समस्येचे मूळ इथे आहे. ठिपके अक्षराचा आकार सांगतात, पण टोक कुठे ठेवायचे आणि कोणत्या दिशेला न्यायचे ते सांगत नाहीत. गिरवणारे मूल अक्षर लिहीत नसते, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ते जोडत असते. आणि जोडण्याचे काम कुठूनही सुरू करता येते. शंभर वेळा उलट्या वाटेने गिरवलेला ‘क’ हा उलट्या वाटेचाच शंभरदा झालेला सराव असतो. पुन्हा गिरवायला लावल्याने चूक पक्की होते ती यामुळे.

ज्यांना लिहिताना शेजारी बसायला सवड नाही, त्यांना लिहून झालेल्या पानावरूनही बराच अंदाज येतो. गोल दंडापाशी सुरू होऊन डावीकडून खाली वळत परत दंडापाशी आला असेल, तर राहिलेली फट दंडालगत खालच्या बाजूला दिसते. तळातून उलट वर चढवलेला असेल, तर फट वरच्या बाजूला पडते. शिरोरेषा आधी मारली असेल तर दंडांची वरची टोके कुठे रेघेच्या वर डोकावतात, कुठे खाली तुटून राहतात, आणि रेघ आधीच संपलेली असल्यामुळे शब्दाचे शेवटचे अक्षर चेंगरते. पुतणीच्या पाटीवर वरची फट, वरखाली झालेली दंडांची टोके आणि चेंगरलेले शेवटचे अक्षर ही तिन्ही चिन्हे होती.

क्रमाचा प्रश्न

बाजारातली बहुतेक पाने क, ख, ग, घ या क्रमाने जातात. हा क्रम उच्चाराच्या स्थानांवरून लावलेला आहे; कंठापासून ओठांपर्यंत व्यंजने कशी सरकतात हे तो फार सुंदर दाखवतो, पण हाताच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नाही. ‘क’ हे पहिले व्यंजन असले तरी त्यात दंडाला भिडणारा बंद गोल, उभा दंड आणि दंडापलीकडे उलट दिशेला वळणारे शेपूट अशा तीन निरनिराळ्या हालचाली आहेत. दुसरे ‘ख’ त्याहून अवघड: त्यात ‘र’ची तिरपी ओढ आहे, ‘व’चा गोल आहे आणि दोहोंना खाली नीट सांधायचे आहे, नाहीतर वाचणारा ‘रव’ वाचतो. म्हणजे ज्या मुलाने अजून ‘र’ही लिहिलेला नाही आणि ‘व’ही नाही, त्याच्यासमोर आपण दुसऱ्याच पानावर त्या दोघांची मोट ठेवतो.

लहान मुलांच्या हाताला रेषा एका ठराविक क्रमाने वश होतात. उभी आणि आडवी रेघ आणि साधा गोल तिसऱ्या वर्षाच्या आसपास पाहून काढता येतो, अधिकाचे चिन्ह चौथ्या वर्षी, चौकोन साडेचारच्या सुमारास, आणि तिरप्या रेघांची फुली व त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आगेमागे येतात. यावरून दोन गोष्टी निघतात. ‘र’, ‘स’, ‘ए’ यांसारखी तिरप्या ओढीची अक्षरे मागे ठेवावीत. आणि गोल काढता येतो याचा अर्थ गोल हव्या त्या बिंदूपासून, हव्या त्या दिशेने काढता येतो असा नाही. आपल्या लिपीला नेमकी तीच गोष्ट लागते.

सगळ्या वर्णमालेचा क्रम इथे मांडत नाही. जिथे गाडी अडते त्या गोलाच्या कुळाचाच तपशील देतो, कारण बाकीची कुळे त्याच रीतीने लावता येतात. माझा क्रम ट, ठ, त, व, ब, क असा आहे. ही सहाही अक्षरे एकाच हालचालीची भावंडे आहेत: टोक डावीकडे न्यायचे, खाली वळवायचे आणि उजवीकडे आणायचे, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या उलट.

‘ट’मध्ये वरून लहानसा उभा देठ उतरतो आणि तिथूनच वाटी डावीकडून खाली वळते, ती उजवीकडे उघडीच राहते, त्यामुळे कशालाही नेऊन भिडवायचे नसते. ‘ठ’मध्ये तीच वाटी पुढे नेऊन देठापाशी बंद करायची. देठ असल्यामुळे मुलाला गोल सुरू करायला दुसरी जागाच मिळत नाही, आणि म्हणून दिशा शिकवायला ‘ठ’इतके सोयीचे अक्षर नाही. ‘त’मध्ये पहिल्यांदा उभा दंड येतो, पण वळण उघडे असते. नवे एवढेच की इथे टोक चौकटीच्या उजव्या भागात, जिथे पुढे दंड यायचा आहे तिथे टेकवावे लागते. मुलांना हे विचित्र वाटते, कारण लिहिणे डावीकडून सुरू होते असे आपणच त्यांना सांगितलेले असते. ‘व’ म्हणजे ‘त’ची सुरुवात आणि ‘ठ’चा बंद गोल. ‘ब’मध्ये त्याच गोलाच्या पोटात तिरपी रेघ, आणि ‘क’मध्ये उजवीकडचे शेपूट. प्रत्येक अक्षरात नवी गोष्ट एकच असावी हा नियम मी कटाक्षाने पाळतो. एका पायरीवर दोन नव्या गोष्टी आल्या की मूल पुन्हा चित्र काढू लागते.

‘क’च्या शेपटाबद्दल शिक्षकांमध्ये दोन रीती आहेत. काही जण गोल पुरा करून हात न उचलता पलीकडे शेपटापर्यंत जातात आणि दंड नंतर देतात. मी गोल, दंड, शेपूट असे वेगवेगळे शिकवतो. दोन्ही चालतात. घरची आणि शाळेची रीत एकच असावी एवढे पाहावे, म्हणून वर्गशिक्षकांना आधी विचारून घ्यावे. शेपूट मात्र कोणत्याही रीतीत दंडाकडून निघून उजवीकडे आणि खाली जाते, खालून वर येत नाही.

पान कसे आखावे

छापील पानांपेक्षा हाताने आखलेले पान बरे, हे माझे मत अनुभवाने पक्के झाले आहे. ए-फोर कागदावर दोन सेंटिमीटर समास सोडून तीन सेंटिमीटर बाजूच्या पाच चौकटींची एक ओळ आखावी, दोन ओळींत दीड सेंटिमीटर जागा ठेवावी. अशा पाच ओळी एका पानावर बसतात आणि एका दिवसाला तेवढे पुरते. एका पानावर एकच अक्षर. चौकटीची वरची कड जरा जाड करावी, म्हणजे अक्षर कुठून लटकते ते कळते. पण ती कड म्हणजे शिरोरेषा नव्हे, शिरोरेषा मुलाने शेवटी स्वतः मारायची आहे.

पाच चौकटींत मदत कमी कमी होत गेली पाहिजे. पहिल्या चौकटीत पूर्ण अक्षर, आरंभाच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढा भरीव ठिपका आणि दिशेचा एक बाण. दुसरीत तुटक रेघांचे अक्षर आणि ठिपका. तिसरीत ठिपका आणि वळणाचा पहिला चतुर्थांश. चौथीत नुसता ठिपका. पाचवी रिकामी. गिरवण्याची चौकट अशी पाचांत एकच येते. बाजारच्या पानावर ती दहांत नऊ असते, सगळा फरक तिथेच पडतो.

मूळ पान काळ्या शाईने काढून तालुक्याला झेरॉक्स करून घ्यावे. फिकट अक्षर दाखवण्यासाठी पेन्सिल किंवा करडा रंग वापरू नये; साध्या झेरॉक्सवर तो एकतर उडून जातो नाहीतर डाग पडल्यासारखा काळा येतो. बारीक काळ्या तुटक रेघा चांगल्या उमटतात.

संगणकावरून अक्षरे घेणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. अनेक फॉन्टांमध्ये, आणि आमच्याकडे नागपूरच्या बाजारातून येणाऱ्या पुस्तकांतही, ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी लेखनासाठी जी वर्णमाला ठरवून दिली, तिच्यात ‘ल’ पाकळीयुक्त आहे, आणि शाळेच्या पुस्तकातही मूल तोच पाहते. ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा ‘मुक्ता’ यांसारखा फॉन्ट घेऊन मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली की मराठी वळणाची रूपे येतात. घरी दंडाचा ‘ल’ आणि शाळेत पाकळ्यांचा ‘ल’ असे झाले तर पोर दोन्हींच्या मधले काहीतरी तिसरेच काढते, आणि त्यात त्याची चूक नसते.

प्रत्यक्षात काय झाले

पहिले चार दिवस कागद काढलाच नाही. पाटी घेतली, वाटीत पाणी घेतले आणि बोटाने ‘ट’ काढायला सांगितले. पाऊस लांबला होता आणि आमच्याकडे त्या दिवसांतही ऊन असे असते की पाटीवरची ओली रेघ बघता बघता वाळते. वाळण्याच्या आत अक्षर पुरे करायचे असा तिने आपणहून खेळ केला, आणि त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला: सांधकाम करायला वेळच उरेना, त्यामुळे वळण एका ओढीत येऊ लागले. पाण्याची रेघ जिथून सुरू झाली तिथेच आधी वाळू लागते, म्हणून ती कुठून निघाली तेही पाहणाऱ्याला मागाहून दिसते. तिसऱ्या दिवशी ‘ठ’ घेतला. पाचव्या दिवशी कागदावर पंचवीसपैकी बावीस ‘ठ’ योग्य दिशेने आले. उरलेले तीन शेवटच्या ओळीतले होते, म्हणजे हात थकला होता. तेव्हापासून मी नियम केला की लागोपाठ दोन अक्षरे चुकीच्या जागी सुरू झाली की पान तिथेच बंद करायचे, ओळ राहिली तरी राहू द्यायची. साधारण दहा-बारा मिनिटांत तो क्षण येतोच.

‘त’ दोन दिवसांत झाला. ‘व’पाशी मात्र सगळे पुन्हा पहिल्यासारखे झाले: आधी दंड, मग डावीकडे चेंडू, तोही तळापासून. मी वैतागलो, आणि तिला दोनदा टोकल्यावर माझ्याच पानाकडे नीट पाहिले. चूक माझी होती. गोल कुठे येऊन भिडायचा आहे ते कळावे म्हणून तिसऱ्या चौकटीत मी मदतीला तुटक रेघेचा दंड काढून ठेवला होता. तो आधीच कागदावर असल्यामुळे मुलीच्या दृष्टीने आधी काढायची वस्तू दंडच होती, आणि उभा दंड दिसताच तिचा जुना हात जागा झाला. माझ्या पानानेच तिला उलटे शिकवले होते म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी नवे पान काढले. त्यात दंड कुठल्याच मदतीच्या चौकटीत नव्हता. त्याऐवजी आरंभाचा भरीव ठिपका आणि त्याच्या सरळ खाली, गोल जिथे परत यायचा तिथे, एक पोकळ ठिपका. भरीव ठिपक्यातून निघायचे, डावीकडून फिरून पोकळ ठिपक्याला शिवायचे आणि मग दोन्ही ठिपक्यांवरून वरून खाली दंड ओढायचा. तिला समजावताना मी भरीव ठिपक्याला घर आणि पोकळ ठिपक्याला विहीर म्हटले. घरून निघून वावराला वळसा घालून विहिरीवर जायचे. लहान मुलाला घड्याळाची दिशा सांगण्यापेक्षा हे बरे पडते. सहा दिवस ‘व’वरच राहिलो. हे जास्त वाटेल, पण या कुळातली खरी चढण ‘व’ हीच आहे. ‘ब’ला त्यानंतर एकच दिवस लागला.

‘क’ तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आला. शेपटासाठी मी ‘फ’चे पान जोडीला दिले, कारण ‘प’ तिला आधीपासून येत होता आणि ‘प’ला शेपूट लावले की ‘फ’ होतो. तेच शेपूट मग ‘व’ला लावले. एक ओळ ‘फ’ची, एक ‘क’ची, अशी आलटून पालटून.

शिरोरेषेचे काय करावे

गोल सुधारला तरी शिरोरेषा आधी मारायची सवय वेगळी उपटावी लागते, कारण तिचे नुकसान उशिरा दिसते. ‘भ’, ‘ध’ आणि ‘थ’ यांच्या डोक्यावरची रेघ पूर्ण नसते, डावीकडे ती तुटलेली असते. ओळभर रेघ आधीच मारून ठेवणारे मूल ही अक्षरे त्या रेघेला चिकटवते आणि ‘भ’चा ‘म’ होतो, ‘ध’चा ‘घ’ होतो. दुसरीत ‘धर’ लिहायला सांगितले असता ‘घर’ लिहिणारी जी मुले दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना दोन्ही अक्षरे ओळखता येतात. फक्त त्यांच्या हाताने रेघ आधी मारलेली असते आणि मग तुटीला जागाच राहत नाही.

मी पुतणीला तीन आठवडे शिरोरेषा दिलीच नाही. अक्षरे बोडकी राहू दिली. आईला ते फार खटकले. तिच्या मते बिनरेघेचे अक्षर म्हणजे बिनकुंकवाचे कपाळ. चौथ्या आठवड्यात ‘बट’, ‘वट’, ‘कप’ असे दोन अक्षरी शब्द घेतले आणि शब्द पुरा झाल्यावर वरून एक रेघ द्यायची असे सांगितले. पहिल्या दिवशी तिने विचारले, “पयले रेघ मारू का काका?” मी म्हटले, भिंती उभ्या राहिल्याशिवाय पत्रे कशावर टाकशील? तिने पुन्हा विचारले नाही. ‘भ’ आणि ‘ध’ची पाने काढताना चौकटीच्या वरच्या जाड कडेला त्या जागी खोडून खिंडार पाडले, म्हणजे रेघ कुठे नको ते दिसते.

कुठे ही रीत पुरत नाही

डावखुऱ्या मुलासाठी पान थोडे बदलावे. नमुन्याची चौकट डावीकडे असली तर त्याच्याच हाताखाली झाकली जाते, म्हणून उजव्या टोकालाही एक नमुना द्यावा आणि कागद किंचित उजवीकडे कलता ठेवावा. गोलाची दिशा तीच ठेवावी. शिरोरेषा त्याला ओढण्याऐवजी ढकलावी लागते, ती सुरुवातीला वेडीवाकडी येईल, त्यावरून बोलू नये.

‘ड’, ‘इ’, ‘ह’, ‘झ’ या अक्षरांत टोक मध्येच दिशा बदलते, एका वळणातून निघून उलट्या वळणात शिरते. गोलाचे कुळ पक्के होण्याआधी ती देऊ नयेत, आणि दिली तर वर सांगितलेल्या तीन आठवड्यांचे काम काही दिवसांत ढिले पडते, हे मी वर्गात पाहिले आहे. शाळेत ती आधी आली तर शाळेत लिहू द्यावीत. घरच्या पानावर तेवढ्यासाठी घाई करू नये.

आणखी एक प्रकारची चूक आमच्या भागात पानावर दिसते, पण ती पानाने जात नाही. महिन्याभराने मी पुतणीला चित्रे दाखवून शब्द लिहायला दिले. कमळाच्या चित्राखाली तिने सावकाश ‘क’ काढला: टोक उजवीकडे टेकले, गोल डावीकडून फिरून दंडाच्या जागी परत आला, दंड, शेपूट. ‘म’ही बरा होता. मग क्षणभर थांबून तिने तिसरे अक्षर ‘य’ लिहिले आणि तिन्हींवर एक रेघ दिली. कमय. घरात आम्ही सगळे डोळ्याला डोया म्हणतो आणि केळीला केयी, तेव्हा तिने जे ऐकले ते बरोबर लिहिले होते. ‘पाणी’च्या जागी ‘पानी’ येते तेही असेच. इथे ‘ळ’ची पाच पाने गिरवून घेण्यात अर्थ नाही, कारण हात चुकलेला नाही. तिला मी ‘ळ’ वेगळा लिहायला सांगितला तेव्हा तो तिने दोन्ही पाकळ्यांसह काढून दाखवला. मग पेन्सिल बाजूला ठेवली आणि ‘कमळ’ हा शब्द पुस्तकात कसा ऐकू येतो ते तिला वाचून दाखवायला बसलो.